तारखेचा रकाना

२२ जून १९७१. हातातलं काम असं होतं: नगर निगमकडून आलेली दोन इंग्रजी पत्रं वाचायची आणि त्यांचा एका मोठ्या कागदावर बसेल असा हिंदी तक्ता करायचा. पहिलं पत्र दोन वर्षांपूर्वीचं, इमारतीचा नकाशा मंजूर केल्याचं. दुसरं आदल्या दिवशी टपालाने आलेलं, इमारत वापरायला परवानगी दिल्याचं. दोन्हींत मिळून तेवीस अटी होत्या.

इमारत म्हणजे नोकरी करणाऱ्या बायकांचं वसतिगृह. जबलपुरातल्या एका संस्थेने बांधलेलं, तळमजला आणि वर दोन मजले. मी संस्थेच्या ऑफिसात होते. माझ्याशिवाय तिथे इंग्रजी पत्र शेवटपर्यंत वाचणारं कोणी नव्हतं. वाचू शकणारे एक होते, आमचे सेक्रेटरी, पण ते वाचत नसत. ते कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले होते आणि कारखान्यातली एक पद्धत त्यांनी बरोबर आणली होती. काम काय, करणार कोण, करायचं कधी, असे तीन रकाने. दर महिन्याच्या एक तारखेला तारखेचा रकाना बघून त्या महिन्याच्या कामांची चिठ्ठी काढायची आणि ती मेट्रन, विजेचा मिस्त्री, नळाचा मिस्त्री आणि चौकीदार यांना द्यायची.

"बाई, पत्र कपाटात जातं," ते म्हणत. "चिठ्ठी खिशात राहते. माणूस खिशातलं काम करतो."

पद्धत चांगली होती. मी आजही तिला नावं ठेवत नाही.

दिवसभर बसून मी अटी वेगळ्या केल्या. पाण्याची टाकी दर तीन महिन्यांनी धुवायची: नळाचा मिस्त्री. आगीच्या बादल्यांतली वाळू दर महिन्याला बघायची, आग विझवायची नळकांडी वर्षातून एकदा भरून आणायची: चौकीदार. अर्थिंगची तपासणी पावसाळ्याआधी: विजेचा मिस्त्री. पहिल्या मजल्यापर्यंत एकूण छत्तीसच खाटा, व्हरांडे बंद करून खोल्या करायच्या नाहीत: मेट्रन. सहा महिन्यांनी निगमचा ओव्हरसिअर तपासणीला येणार. पत्र पोचलं होतं एकवीस तारखेला, पण त्यावर सही आठ जूनची होती. मुदत सहीपासून मोजायची असते. मी आठ डिसेंबर लिहिलं आणि स्वतःवर खूश झाले, कारण दुसऱ्या कोणी एकवीस धरलं असतं.

नववी अट अशी होती: दुसऱ्या मजल्यावर जायला आतला एकच जिना आहे, म्हणून बाहेरच्या बाजूने लोखंडी जिना पुरा होऊन त्याची तपासणी होईपर्यंत दुसरा मजला वापरू नये. काम कळलं. करणार कोण, तेही कळलं: गोहलपुरचा वेल्डर, ज्याला जिना करायला दिला होता. कधी? ते पत्रात नव्हतं. जिना होईल तेव्हा. मी रकाना कोरा ठेवला.

ऑक्टोबरात तक्ता फाटला, त्याच्यावर चहाही सांडला होता. मी नवा लिहिला. सेक्रेटरी म्हणाले, तारखेच्या क्रमाने लावा, चिठ्ठी काढायला सोपं जाईल. लावला. कोऱ्या रकान्याच्या ओळीला क्रमात जागा मिळेना. वेल्डरला विचारून अंदाजे तारीख घालू, म्हणून ती ओळ मी एका चिठोऱ्यावर उतरवून फाइलीत ठेवली. ती तिथेच राहिली. यात दुसऱ्या कोणाचा हात नाही.

नोव्हेंबरात दारूगोळ्याच्या कारखान्यांनी भरती वाढवली. बायकाही घेतल्या, कच्च्या नोकरीवर. रोज पाच-सहा जणी दाराशी. आमची मेट्रन नागपूरकडची, तोंडाने फटकळ पण चोख. ती चिठ्ठी हातात धरूनच माझ्या टेबलाशी आली.

"काहो, वरचा मजला कोरा पडून राहिला आन् मी पोरींना परत पाठवून राहिली. काहून?"

"जिना व्हायचा आहे ना."

"ते तर मी जूनपासून ऐकून राहिली. चिठ्ठीत काही आहे का? हे बघा, वाळू आहे, टाकी आहे. जिना कुठी आहे?"

फोनवर कोणी तरी ताटकळत होतं, हातात दुसरा कागद होता. मी म्हटलं, "सेक्रेटरींना विचारा." तिने विचारलं. त्यांनी भिंतीवरचा तक्ता वरपासून खालपर्यंत बोट फिरवून पाहिला आणि म्हणाले, तक्त्यावर अडचण दिसत नाही, उघडा. दुसऱ्या दिवशी वर अठरा खाटा लागल्या.

त्या अठरा जणींतली एक जबलपुरजवळच्या कुंडम गावची होती. तिशीची, विधवा. दोन वर्षं सासूच्या घरी लाकडं फोडणं, पाणी भरणं आणि बोलणी खाणं एवढंच करत होती. तिला लिहिता येत होतं म्हणून कारखान्यात पेट्यांवर चिठ्ठ्या लावायच्या कामाला घेतलं. सकाळी सहाची पाळी. कुंडमहून त्या वेळेला पोचवणारी बस नव्हती, म्हणून वसतिगृहाची खाट म्हणजेच तिची नोकरी. पहिल्या आठवड्यात ती ऑफिसात येऊन म्हणाली, "दीदी, मेरे नाम की अलमारी मिलेगी ना? ताला मैं ले आई हूँ." कुलूप नवं होतं. ट्रंक जुनी होती, तिच्यात कुलपात ठेवण्यासारखं फारसं नसावं.

तीन डिसेंबरला पाकिस्तानशी लढाई सुरू झाली. रात्री उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांना काळे कागद लागले. आठ तारखेला ओव्हरसिअर येणार हे चिठ्ठीत होतं. वाळू बदलली, टाकी धुतली, व्हरांडे मोकळे केले. तो लढाईमुळे विसरू नये म्हणून निगमला आठवणीचं पत्रही मीच पाठवलं.

ओव्हरसिअर साधा माणूस होता. चहाही घेतला नाही. वाळू पाहिली, टाकीवर चढला, "बढ़िया" म्हणाला. मग दुसऱ्या मजल्यावर गेला. तिथे काळ्या कागदांच्या बंद खिडक्या, दोन खाटांमध्ये स्टोव्ह, दोरीवर साड्या. तो खाली आला आणि त्याने माझ्यासमोर फाइल उघडून नवव्या अटीवर बोट ठेवलं.

"बहनजी, ये आपने पढ़ा था?"

"पढ़ा था."

"ऊपर आग लगी, तो कौन से जीने से उतारेंगी अठारह औरतों को?"

त्याचं बरोबर होतं, आणि हीच त्या सगळ्या प्रकरणातली सर्वांत वाईट गोष्ट होती. चुकीच्या माणसाशी भांडता येतं. त्याने तीन दिवसांत मजला रिकामा करायची नोटीस लिहिली, नाही तर इमारतीची परवानगीच रद्द. खालच्या छत्तीस जणीही रस्त्यावर आल्या असत्या.

मी फाइलीतला चिठोरा काढून सेक्रेटरींपुढे ठेवला. त्यांनी तो भिंतीवरच्या तक्त्याशेजारी धरून पाहिला. "तारीख का नाही घातली?" त्यांनी विचारलं.

"पत्रात तारीख नव्हती."

"मग तक्त्यावर कशी येणार?" ते म्हणाले. रागाने नाही. त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

दुसऱ्या दिवशी मी गोहलपुरला गेले. वेल्डरच्या अंगणात आमचा जिना आडवा पडला होता, अर्धा. खालच्या अकरा पायऱ्या झाल्या होत्या.

"भैया, बाकी कब होगा?"

"दीदी, लोहा दिला दो, चार दिन में कर दूँ," तो म्हणाला. "सारा माल तो कारखाने के काम में जा रहा है. बाज़ार में एंगल का एक टुकड़ा नहीं. मेरे घर का फाटक काट लो."

त्याचं फाटक पाहिलं. लाकडाचं होतं.

लोखंडाच्या दोन दुकानांत गेले. मग निगमच्या ऑफिसात. खालच्या व्हरांड्यात पडदा लावून सहा खाटा घालू द्या, असा अर्ज दिला. ओव्हरसिअरने तो वाचला आणि परवानगीचं पत्र माझ्याकडे वळवलं. व्हरांडे बंद करू नयेत. छत्तीसच्या वर खाटा नकोत. दोन्ही ओळी मला पाठ होत्या, हिंदीत मीच लिहिल्या होत्या.

"मेरे हाथ में होता तो," तो म्हणाला आणि वाक्य सोडून दिलं. माझ्याही हातात काही नव्हतं.

सतरा जणींची सोय झाली. कोणाचा मामा निघाला, कोणी तिघी मिळून गोहलपुरात खोली घेतली. कुंडमचीला त्या खोलीत चौथी म्हणून घेतली असती, पण घरमालकाने तीनच म्हटलं. मेट्रनच्या खोलीतल्या खाटाही त्या छत्तीसांतच होत्या आणि तिथे तिची बहीण राहायची. मी माझ्या घरी नेलं असतं. आमचं दीड खोलीचं क्वार्टर, आणि त्या अर्ध्या खोलीत सासरे क्षयाने खोकत पडलेले. ही सबब नाही, त्या वेळची जागा एवढीच होती. तरी मी तिला विचारलं. ती म्हणाली, "नहीं दीदी, फेफड़े में कुछ हो गया तो वैसे भी निकाल देंगे." हिशेब तिचा बरोबर होता.

अकरा तारखेला, शनिवारी दुपारी, चौकीदाराने तिची ट्रंक खाली आणली. मेट्रन तिच्या डब्यात पोळ्या भरत होती आणि तोंडाने सगळ्यांना शिव्या देत होती: ओव्हरसिअरला, वेल्डरला, पाकिस्तानला, मला.

"तीन दिवस कामावर गेली नाही की नाव कापतात म्हणे," मेट्रन मला म्हणाली. "आता सासू बसली असंल दारात."

कुंडमचीला मराठी कळत नसावं, पण नाव कापणं तेवढं कळलं. ती म्हणाली, "सास तो मोहल्ले को पहले ही बोल रही थी, महीना भर में लौटेगी. उससे तो दस दिन कम ही हुए." आणि हसली. मग वसतिगृहाचं असल्यासारखं कपाटाचं कुलूप किल्लीसकट माझ्या टेबलावर ठेवलं. कुलूप तिचंच होतं, ते तिला परत द्यायचं हे मला सुचेपर्यंत ती फाटकाबाहेर गेली होती. चौकीदाराला मागे धाडलं. तो परत आला, बस सुटली होती.

जिना मार्चमध्ये बसला. तपासणी झाली, वरच्या खाटा भरल्या. मी कुंडमच्या पत्त्यावर दोन कार्डं टाकली. उत्तर आलं नाही.

पण ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलं. रविवार होता, तरी मी ऑफिसात गेले. भिंतीवरचा तक्ता काढला. मूळ दोन्ही पत्रं कपाटातून काढून तेवीसच्या तेवीस अटी पुन्हा वाचल्या, बोट ठेवून. तारखेच्या रकान्याआधी एक रकाना आखला आणि त्याला नाव दिलं, "किससे पहले". त्यात नववी अट सगळ्यांत वर घातली: दुसऱ्या मजल्यावर पहिली खाट लावण्यापूर्वी. मग तिचं कुलूप घेतलं, वर गेले आणि दुसऱ्या मजल्याच्या दाराला लावलं.