याच मेलला उत्तर द्या

रुग्णांचे पलंग बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे ऑर्डरताई म्हणत. एकोणीस वर्षं तिचा रिवाज ठरलेला होता. ऑर्डर आली की ग्राहकाला मेल पाठवायचा आणि लगेच फोन करून तोच मेल वाचून दाखवायचा: माल कोणता, किंमत किती, कधी पोचणार. शेवटची ओळ तिने स्वतः रचली होती. ‘काही बदल हवा असल्यास पोचवण्याच्या चार दिवस आधीपर्यंत याच मेलला उत्तर द्या. – आपली ऑर्डरताई.’

“ताई पोपटासारखं वाचतात,” मालक हसत.

दोन महिन्यांपूर्वी मालकांच्या मुलाने नवी यंत्रणा बसवली. मेल आपोआप जाऊ लागले, फोन बंद झाले. ताईला बिलांच्या टेबलावर बसवलं. मजकूर मात्र तिचाच उचलला, ओळीसकट, नावासकट.

अठरा तारखेला टेम्पोवाला भरल्या गाडीनेच परत आला. कठड्याचा पलंग प्लॅस्टिकमध्ये तसाच.

“घर बंद होतं?”

“उघडं होतं. माणसं बसलेली. पेशंटचा मुलगा म्हणाला, आता नको.”

ताईने फोन लावला. मुलगा चिडला नाही. त्याने चिडायला हवं होतं.

“आईला तेराला घरी सोडणार होते. म्हणून बाराला पाठवा, असं दहालाच कळवलं होतं. तुमच्याच मेलला उत्तर दिलं.”

“मग?”

“मग साध्या खाटेवर झोपवली. कठडा नव्हता. पंधराला पडली. काल गेली.”

ताई धाकट्या मालकांकडे गेली. “त्या मेलची उत्तरं कुठे येतात?”

“कुठेच नाही. म्हणजे येतात, पण तो पत्ता फक्त पाठवायचा आहे. कोण बघणार?”

“मग उत्तर द्या असं का लिहिलंय?”

“तुमचंच वाक्य आहे ते, ताई.”

तिने त्या पत्त्याचा इनबॉक्स उघडायला लावला. न वाचलेली एकसष्ट उत्तरं. त्या मुलाची दोन होती. पहिल्यात तारीख बदलायची विनंती. दुसऱ्यात एवढंच: ‘ताई, आपल्याकडून नकार आला नाही, म्हणजे बाराला पलंग येतोय असं धरतो. आभारी आहे.’

“ओळ उद्या काढून टाकतो,” धाकटे मालक म्हणाले.

“आज.”

“प्रोग्रामवाला उद्या येतो.”

ताईने सगळ्यात जुनं उत्तर उघडलं आणि त्या माणसाला फोन लावला. दीड महिन्यापूर्वी त्याने गादीचं माप बदलून मागितलं होतं.

“आत्ता?” तो म्हणाला. “राहू द्या. ज्यांच्यासाठी हवी होती, ते आता नाहीत.”

तिने फोन ठेवला. समोरच्या पडद्यावर नवी ऑर्डर उमटली. एक पलंग, एक गादी, पुढच्या सोमवारी. मेल कुणाला न विचारता निघून गेला. खाली तिचं नाव होतं.

तिने दुसऱ्या उत्तराचा नंबर फिरवायला घेतला. राहिलेली होती अठ्ठावन्न.