वाणात दिलेले एकसष्ट सबस्क्रायबर

नवी नवरी होते तेव्हा सासरच्या पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं, "काय काय येतं गं तुला?" मी तोऱ्यात म्हणाले, "मला भाकरी थापायला लई आवडतं." घरात चौदा माणसं. पुढची बावीस वर्षं मी भाकरी थापत होते. कुणी जबरदस्ती केली नव्हती. माझंच वाक्य माझ्या मानगुटीवर बसलं होतं. त्या पोरीला आज भेटले तर आधी तिचं तोंड पदराने बांधीन.

पण तिला कशाला हसू? गेल्या संक्रांतीला, डोक्याचे सगळे केस पांढरे झाल्यावर, मी पुन्हा तेच केलं.

माझा एक छोटासा चॅनल आहे. आंबेमोहोर किती पाण्यात शिजवायचा, नाचणीची उकड कशी मळायची, कुळथाचं पिठलं, असलं मी भाटघरच्या स्वयंपाकघरातून सांगते. नात भोरच्या कॉलेजात शिकते, मोबाईल तीच धरते आणि व्हिडिओ चढवणं, आकडे बघणंही तिचंच. रोज दोन-तीन नवे सबस्क्रायबर यायचे. मला पुरत होते.

वेल्ह्याकडची एक सून सासू-सुनेचे विनोदी व्हिडिओ करते. तिचा चॅनल माझ्याहून बराच मोठा. तिने विचारलं, "आजी, एक कोलॅब करू या का? तुमी खाष्ट सासू व्हा. व्हिडिओ तुमच्या चॅनलवर टाकू, मी माझ्या लोकांना तिकडं पाठवते. तुमचा आकडा वाढला तर पुढं माझ्याकडं दर गुरुवारी करू."

"वाढला तर करू की," मी म्हणाले. बघा, पुन्हा तोंड!

व्हिडिओ झाला. मी तिला मीठ कमी पडलं म्हणून, पदर घसरला म्हणून, ताटाखाली पाट ठेवला नाही म्हणून झापलं. ती डोळे पुसत मान खाली घालून उभी राहिली. सगळे हसले. मला मात्र आपण कुणाचे तरी जुने कपडे घातल्यासारखं वाटत होतं. म्हटलं, एकदाच तर आहे.

दोन दिवसांनी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. मनात भीती, आकडा वाढलाच नाही तर त्या पोरीपुढे नाक कापलं जाईल. मग मी काय केलं? उंबऱ्याशी पाट मांडून बसले. बाई आली की हळदीकुंकू लावायचं, तिळगूळ द्यायचा आणि वाणाची वाटी पुढे करून लगेच मागे घ्यायची. "आधी मोबाईल दे." मोबाईल हातात आला की माझा चॅनल उघडायचा, सबस्क्राइबचं बटण दाबायचं, मग वाटी सोडायची. एका बाईकडे मोबाईल नव्हता तर तिला मुलाचा आणायला परत पाठवलं. दुपारभर मी वाण लुटत होते की बायकांना लुटत होते, माझं मलाच कळलं नाही.

आठवड्याने नातीने मोबाईल माझ्यापुढे धरला. आलेखाची रेघ मधेच डोंगरासारखी वर गेली होती. "आजी, सात दिवसांत अठ्ठ्याऐंशी! कोलॅब चाललं!" तिने तेवढाच आकडा वेल्ह्याला कळवला. तिकडून लगेच फोन. "आजी, दर गुरुवार ठरलं हां. दुसऱ्या दोघी सासू व्हायला तयार होत्या, त्यांना मी नाही सांगून टाकलं."

खरं सांगावं तर फजिती, न सांगावं तर गुरुवार. मी गुरुवार पत्करला.

आता भाटघरहून वेल्ह्याला जायचं म्हणजे भोर, मग नसरापूरला एसटी बदलायची, मग पुढची वाट. एका गुरुवारी मी गाडीत चढले तर कंडक्टर म्हणाला, "या या सासूबाई, सगळ्या सुना मागच्या शिटावर बसवल्यात." गाडी हसली. मीही हसले, पण दात दाखवण्यापुरतं. घरी नेहमीसारखं नाचणीच्या उकडीचं दाखवलं तर खाली लिहिलेलं, "आजी, आज रागावल्या नाहीत?" मला पीठ मळताना कुणाला तरी बोललंच पाहिजे असं वाटू लागलं. एकदा नातीवर खरंच ओरडले. तिने मोबाईल खाली ठेवला. "आजी, हे व्हिडिओत नव्हतं."

चार गुरुवार झाले. मग नात म्हणाली, "आता नीट मोजू. कोलॅबच्या आधीचे अठ्ठावीस दिवस आणि नंतरचे अठ्ठावीस." मी म्हटलं, "मोजलंय की." ती म्हणाली, "तो नुसता आकडा होता. कुठून आले ते कुठं बघितलं?"

तिने लॅपटॉप उघडला. सबस्क्रायबर कुठल्या पानावरून आला, तेही तिथं दिसतं म्हणे. व्हिडिओ बघताना बटण दाबलं की वेगळं, चॅनलच्या पानावर जाऊन दाबलं की वेगळं. त्या अठ्ठ्याऐंशीतले एकसष्ट एकाच तारखेला, थेट चॅनलच्या पानावरून.

"ह्या दिवशी काय होतं गं आजी?"

मी शेंगा सोलत राहिले.

"आजी."

"हळदीकुंकू होतं," मी म्हणाले. आणि वाटीचं सगळं सांगून टाकलं.

ती आधी हसली, मग हसेना. एकसष्ट वजा केले. रोजचे तीन धरून सात दिवसांचे एकवीस वजा केले. उरले सहा. दोघींचे प्रेक्षक किती सारखे आहेत ते बघायचं तर प्रेक्षक आणखी कुठले चॅनल बघतात त्याची यादी असते, पण आमचा चॅनल लहान, तिथं लिहिलेलं, पुरेशी माहिती नाही. म्हणून तिने चॅनलवर प्रश्न टाकला, 'वेल्ह्याच्या सूनबाईंना तुम्ही आधीपासून बघता का?' दोन दिवसांत कळलं. उत्तर देणाऱ्या बहुतेकांनी 'हो' दाबलं होतं. नात म्हणाली, "प्रश्नाला सगळे थोडेच उत्तर देतात, पण सहाच का आले ते ह्यावरून कळतंय. तिची माणसं आधीच आपली होती. नवं कोण येणार?"

वेल्ह्याला फोन मी स्वतः केला आणि वाटीपासून सगळं सांगितलं.

"आजी, तुमी मला आधी सांगायचं होतं. मी त्या दोघींना नाही म्हणून बसले."

"चुकलं बाई. मला रागवून घे. व्हिडिओत नको, खरंच."

"तुमच्यावर मला रागवता येत न्हाई, तेच तर झालंय," ती म्हणाली. "जाऊ द्या. बंद करू गुरुवार."

सुटले असं वाटलं. पण नात म्हणाली, "ते एकसष्ट अजून आहेत. त्या बघत नाहीत, पण आकड्यात बसल्यात. पुढचं मोजमाप सगळं खोटं निघणार. आपल्याला त्यांना हळूच काढता येत नाही, त्यांनीच बटण परत दाबायला पाहिजे."

म्हणून मी वाण परत मागायला निघाले. घरोघरी. "मोबाईल दे, ते बटण काढते." बायका डोळे मोठे करायच्या. कुणी म्हणे, "वाटी पण परत नेणार का?" कुणाला तर तो चॅनल आपल्या मोबाईलमध्ये आहे हेच ठाऊक नव्हतं. ऐंशीकडे झुकलेली शेजारची वहिनी तेवढी मोबाईल देईना. हात पाठीमागे.

"दिलेलं वाण परत मागतेस? न्हाई मिळायचं. मी रोज बघते तुला."

"रोज?"

"नातू लावून देतो. ते रागावनं बंद केलंस म्हणं?"

"व्हय."

"बरं केलंस," ती म्हणाली. "त्यात तू हुबेहूब तुज्या सासूसारखी दिसत हुतीस."

मी तिचं बटण तसंच राहू दिलं. घरी येऊन नातीला म्हटलं, साठच वजा कर, एक खरा आहे.