बारा वाजता तापणारं इंजिन

माझं डोकं जन्माचंच तापट. खात्यात असताना दोनदा बदली झाली ती त्यापायी, आणि बायको अजून म्हणते की तुमच्या रोलरपेक्षा तुमचंच रेडिएटर आधी उकळतं. पण मी सांगतोय ती गोष्ट खरोखरच्या रेडिएटरची आहे.

बांधकाम खात्याचा रोलर चालवायचो मी. दहा टनी धूड, डिझेलवर चालायचं, तीन लोखंडी चाकं, आणि वेग असा की म्हातारं माणूसही बोलत बोलत पुढं निघून जाईल. घर सोलापुरात शुक्रवार पेठेत, पण वर्षाचे सात-आठ महिने मुक्काम रस्त्याच्या कडेला, राहुटीत. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा उन्हाळ्यात मैंदर्गीच्या बाजूला काम लागलं. जुना रस्ता उकरून त्यावर नवी खडी घालायची होती. टोळी मैंदर्गीची आणि आसपासच्या वाड्यांवरची, बहुतेक बायकाच. एकीला मराठीत विचारलं तर दुसरी कानडीत उत्तर द्यायची, आणि मधल्या मध्ये दोघी माझ्यावर हसून घ्यायच्या.

टोळीत सगळ्यांत वडील एक बाई होती. सगळ्या तिला अक्का म्हणायच्या, मीही म्हणायचो. ती मला तम्मा म्हणायची, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. नवरा वारलेला, पदरात दोन पोरी, शेत होतं ते माळावरचं, पाऊस पडेपर्यंत त्यात काडी उगवत नव्हती. उन्हाळाभर तिचं घर चालायचं ते या रस्त्यावरच्या रोजावर. पाटी भरून खडी अशी पसरायची की हाताखालून गालिचा उलगडावा.

नियम चांगले होते, खोटं कशाला बोलू? कामावर प्यायचं पाणी असावं, विसाव्याला छप्पर असावं, हे सरकारनं ठरवलेलं होतं. पाण्याचे दोन रांजण होते, आणि ते भरायला एक बाई रोजावर लावलेली होती. छपरासाठी बांबू आणि तट्ट्याही आल्या. पण त्या लागल्या सामानाच्या खोपटाला, कारण ओव्हरसियर साहेबांच्या दृष्टीनं घमेली उन्हात तापून खराब होत असावीत. मैलभर एक झाड नाही. सावली म्हणजे माझ्या रोलरचं पत्र्याचं टप, आणि त्याच्या पोटाखाली पडेल तेवढी.

काम आठ ते बारा आणि एक ते पाच. हजेरी घेणारा कारकून सायकलवरून आठाला यायचा, दुपारी जेवणानंतर पुन्हा हजेरी घ्यायचा. माणूस वाईट नव्हता, पण त्याला वरून बोलणी बसायची आणि ती तो खाली पोहोचवायचा. कामाच्या वेळात कुणी बसलेलं दिसलं की अर्धा खाडा, म्हणजे अर्धा रोज कापला.

वैशाखातल्या एका दुपारी, दोनच्या सुमाराला, अक्का पाटीसकट खाली बसली आणि बसल्या जागी आडवी झाली. घाम नाही, अंग चटका देत होतं, डोळे उघडे पण ओळख नाही. मी रोलरवरून उडी टाकली. बायकांनी तिला उचलून रोलरच्या सावलीत आणलं, पदर भिजवून अंगावर घातले, मानेला, काखेत ओलं फडकं लावलं. बऱ्याच वेळानं ती "नीरू" म्हणाली, म्हणजे पाणी. ते ऐकून माझ्या जिवात जीव आला.

कारकून आला. घाबरला होता बिचारा, पण बोलला ते भलतंच. "हिचा अर्धा खाडा. आणि ज्या बसल्यात त्यांचाबी. आणखी एकदा पडली तर हिला कामावर घेता यायचं न्हाय, उद्या काय बरंवाईट झालं तर माझ्या गळ्याशी येईल."

अक्का सगळं ऐकत होती. उठायला बघत होती. हात टेकून अर्धी उठली, परत बसली. मला ते बघवेना.

मी वर चढलो, इंजिन बंद केलं आणि खाली उतरलो. "इंजिन तापलंय," मी म्हणालो.

"आत्ता तर चालू होतं की."

"आत्ताच तापलं. लई तापलंय. हात लावून बघा."

भर वैशाखात कुठल्याही लोखंडाला हात लावला तर दुसरं काय होणार? त्यानं बोट लावलं आणि झटकलं. आता यातली मेख सांगतो. कामगार स्वतः बसला तर त्याचा खाडा, पण सरकारी मशीन बंद पडून काम थांबलं तर तो कामगाराचा दोष नव्हे, रोज पूर्ण. आणि रोलर पुढं गेल्याशिवाय नवी खडी टाकता येत नाही, कारण न दाबलेली खडी बैलगाड्या उधळून लावतात. रोलर बंद म्हणजे सगळं बंद. कारकुनाला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पोळलेलं बोट चोळत तो म्हणाला, "मग गार होऊ द्या." कुणाचाही खाडा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी बारा वाजले. अक्का आलीच होती कामाला, घरी बसून काय खाणार? पाटी खाली ठेवून तिनं माझ्याकडं बघितलं. "तम्मा, तुझं इंजिन आज तापना व्हय?"

तापलं. त्या दिवशी तापलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी तापलं, आणि मग रोज बाराला तापून तीनला गार व्हायला लागलं. मात्र फुकटचं खायचं नाही हे अक्कानंच ठरवलं. टोळी सकाळी सहाला यायला लागली. कारकून येईपर्यंत आम्ही गारव्यात दोन तासांचं काम उरकून बसलेलो असायचो. रस्त्याची लांबी पहिल्याइतकीच भरायची, कधी थोडी जास्तच.

काय सुखाच्या दुपारी होत्या त्या. रोलरच्या टपाला माझी ताडपत्री बांधून दुसरं टोक दोन पहारींना ताणलं की पंधरा माणसांची सावली व्हायची. कडक भाकरी, शेंगाची चटणी, एखादीकडं ताकाचं गाडगं. तान्ह्या पोरांची झोळी पहारीला. जेवणं झाली की बायका एकमेकींच्या सासवांची नक्कल करायच्या, आणि अक्का सगळ्यांत आधी घोरायची. कारकूनही हळूहळू ताडपत्रीखाली येऊन बसायला लागला. पहिल्या दिवशी कडेला, मग आत. एक दिवस त्याला चटणी दिली आणि त्यानं खाल्ली, तेव्हा मी समजलो की हा आता काही बोलणार नाही.

घोटाळा झाला तो वेगळाच. रोज संध्याकाळी मशीनचा हाल ओव्हरसियरला सांगावा लागायचा आणि मी रोज इमानदारीत खोटं सांगायचो, इंजिन तापतंय. आता सरकारी कारभार सुस्त म्हणून आपण नावं ठेवतो ना? माझ्या बाबतीत तो नेमका हुशारीनं चालला. सोलापूरच्या वर्कशॉपमधून जीपगाडीतून एक मेकॅनिक आला, आणि सोबत कोरं करकरीत रेडिएटर.

मेकॅनिक वयस्कर, दाढी पिकलेली, सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. सकाळभर त्यानं इंजिन उघडून बघितलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "इंजन तो मक्खन है. किसकू बचा रा रे तू?"

त्यानं बायकांकडं बघितलं, मग वर सूर्याकडं. "मैं झूट नै बोलूँगा," तो म्हणाला. नवं रेडिएटर बसवलं. डेप्युटी इंजिनिअर साहेब चाचणी बघायला दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. उस्तादनं निरोप धाडला की इंजिन तापतं ते दुपारी, तेव्हा साहेबांनी दुपारीच यावं.

त्या रात्री मी जेवलो नाही. सकाळी अक्काला सांगितलं, आजपासून इंजिन तापणार नाही. ती म्हणाली, "पडले तर पडले. तू तुजी नोकरी सांबाळ." एवढं बोलून ती पाटी भरायला लागली, आणि मला स्वतःचाच राग आला.

जेवणाची सुट्टी संपून एक वाजता साहेब जीपमधून उतरले. रोलर उस्तादनं चालवला. मागं-पुढं, मागं-पुढं, चांगला तासभर. इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं, नावाला तापलं नाही. टोळी खडी पसरत होती. साहेबांचा सदरा पाठीला चिकटला होता, पण जीपमध्ये ते बसू शकत नव्हते, सगळे समोर उभे.

"मग तापत होतं ते काय?" साहेब मला म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "इंजिन कधीच तापलं नाही साहेब," मी म्हणालो. "माणसं तापत होती. त्या बाई इथं मरता मरता वाचल्यात. तट्ट्या आल्या त्या घमेल्यांना सावली करायला लागल्या. मला काय करायचंय ते करा."

मला वाटलं, संपलं. साहेबांनी कारकुनाला विचारलं, "तीन तास रोज बंद, मग लांबी किती कमी भरली?"

"कमी न्हाय साहेब," कारकून म्हणाला. "सहाला सुरू करतात."

दाबलेल्या रस्त्यावरून साहेबांनी थोडं चालून बघितलं. परत आले ते कपाळ पुसत. म्हणाले, "मजुरांच्या वेळा बदलायच्या म्हणजे वरून मंजुरी लागेल, तोवर उन्हाळा संपेल. रोलरच्या वेळा माझ्या हातात आहेत." तिथंच जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून हुकूम लिहिला. उन्हाळ्यात रोलर बारा ते तीन बंद ठेवावा, सकाळी सहाला सुरू करावा. हजेरी पूर्ण धरायची, हे कारकुनाला तोंडीच बजावलं. तट्ट्या आजच काढून छपराला लावायला सांगितलं. जाताना मला म्हणाले, "पुन्हा खोटं सांगितलंस तर बदली." पण हसून म्हणाले.

जीप गेल्यावर अक्का आली. "काय लिवलंय, वाच की."

मी वाचून दाखवलं. अतिउष्णतेत यंत्राची हानी होऊ नये म्हणून, अशी सुरुवात होती.

"आन् आमचं?"

"तुमचं काही नाही अक्का. फक्त मशीनचं आहे."

मला तेव्हा आनंदही झाला होता आणि संतापही आला होता, दोन्ही एकदमच. ती मात्र खळखळून हसली. "नसू दे. मशीन तरी कुटं वाईट हाय," म्हणाली, आणि रोलरच्या पोटाखाली पदर अंथरून आडवी झाली. त्या उन्हाळ्यात पुढं कुणी पडलं नाही, आणि अक्काला एकही खाडा लागला नाही.