खाटेवर पडलेलं छत

छताचा तुकडा खाटेवर पडला. दुपारची जेवणं झाली होती आणि माझा म्हातारा आत झोपला होता. मी ओसरीत तुरीची डाळ निवडत होते. आवाज असा आला की मला वाटलं, दारात ट्रॅक्टर उलटला. आत गेले तर खोली धुळीनं भरलेली. खाटेचा पायथा मोडून जमिनीला टेकलेला, त्यावर परातीएवढी खपली पडलेली. वर छताला भगदाड, त्यात गंजलेल्या सळया बरगड्यांसारख्या दिसत होत्या.

मी हाक मारली नाही. हाक मारून काय होणार होतं? खपलीचं एक टोक धरून ओढायला लागले. तेवढ्यात खाटेखालून आवाज आला, "आधी कोंबडी बघ. उशाला हाय."

त्याचं असं झालं होतं. कोंबडी अंड्यांवर बसली होती. खाली मांजर येतं म्हणून मी तिची टोपली खाटेवर ठेवली, उशाच्या बाजूला. म्हातारा आडवा झाला की ती त्याच्या कानाला चोच मारायची. दोन दुपारी त्याने सोसलं, मग गोधडी घेऊन खाटेखाली गेला. साऱ्या गावाला दम देणारा माणूस कोंबडीने खाटेखाली घातला. उशाकडची बाजू उभी राहिली म्हणून त्याला आत जागा उरली. मी त्याला पायाला धरून बाहेर ओढलं. कोंबडी जागची हलली नव्हती.

म्हातारा धूळ झटकत म्हणाला, "ही कोंबडी दिसभर कलकल करती. त्यानंच छत हाललं."

मिस्त्री सेनगावहून आला. हे घर त्यानेच बांधलं होतं, पंधरा-वीस वर्षांमागं. गावात सगळे त्याला चाचा म्हणतात. त्याने बांबूने छत ठोकून पाहिलं. जिथं तिथं पोकळ आवाज.

"बाबा," तो म्हाताऱ्याला म्हणाला, "आता तरी बोला. स्लॅबच्या टायमाला माझे कव्हर, ते सिमेंटचे चौकोनी तुकडे, कुठं गेले होते?"

म्हातारा म्हणाला, "कशाचे कव्हर?"

मी म्हणाले, "कोठीखाली बघा."

ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीखाली सिमेंटचे चौकोनी तुकडे होते. अंगठ्याएवढे जाड, वडीसारखे कापलेले. कोठी बसवली तेव्हापासून मी त्यांच्या भोवतीने झाडत आले. ते कुठून आले हे मी कधी विचारलं नव्हतं. घरात वस्तू येतात, राहतात.

चाचा खाली बसला आणि हसला. मग त्याने मला समजावून सांगितलं, कारण म्हातारा ऐकत नव्हता. स्लॅब टाकताना खाली लोखंडी प्लेटा लावतात, त्यांना तेल फासतात, वर सळयांची जाळी बांधतात. ती जाळी प्लेटांवर टेकली तर सिमेंट-खडीचा माल तिच्या खाली शिरत नाही. प्लेटा काढल्या की सळईची पाठ उघडी दिसते. प्लेटेचं तेल सळईला लागलं तर माल तिला धरतही नाही. म्हणून जाळीखाली हे तुकडे ठेवायचे. मग सळईच्या खालून अंगठाभर माल जातो. तो माल म्हणजे तिचं पांघरूण. पांघरूण नसलं की ओल लागते, लोखंड गंजतं. गंजलेलं लोखंड फुगतं. फुगलं की जागा मागतं, आणि खालचा माल ढकलून देतं.

"प्लेटा काढल्या तवा वळीनं सळया दिसल्या," चाचा म्हणाला. "मला वाटलं माझ्याच माणसांनी हलगर्जी केली. त्यांना शिव्या घातल्या. ते म्हणायचे, आम्ही कव्हर ठेवले व्हते. वरून गिलावा मारला. गिलाव्यानं झाकतं, वाचत न्हाई."

म्हातारा तेव्हा बोलला. त्याला लाज नव्हती. "माणसं जेवायला बसली. मी वर गेलो. बघतो तर सगळी जाळी अधांतरी. म्हटलं, हे लोक तुकडे काढायला इसरले. जे टेकलं न्हाई ते उभं कसं राहील? बैलगाडी आखावर टेकती, माणूस जमिनीवर टेकतो. मी एक एक काढून जाळी नीट टेकवली."

"आन कोठीखाली काहून लावले?" मी विचारलं.

"जमिनीला टेकली तर कोठी गंजती."

चाचाने हातातला बांबू खाली ठेवला.

"मग सळईनं काय पाप केलं?" मी म्हणाले.

"कोठीत जवारी असती," तो म्हणाला. "सळईत काय असतं?"

छत पाडून नवं टाकायचं ठरलं. आमचं पोरगं जीपवर डायवर होतं. ते म्हणालं, "आई, तू बघ, बाबांना वर जाऊ देऊ नको." तोवर आम्ही गोठ्यात राहिलो.

नवे तुकडे मी स्वतः केले. चाचाने कालवून दिलेला माल पत्र्यावर अंगठाभर थापला, थापीने वड्या पाडल्या, ओल्या असतानाच त्यांत बांधायची तार खोचली. मग पाण्याच्या टाकीत टाकून भिजू दिल्या. म्हातारा रोज टाकीपाशी जाऊन बघायचा. "खायला व्हय?" असं विचारायचा. मी म्हणायची, "तुमच्या डोक्यावर ठेवायला."

स्लॅबच्या दिवशी सकाळी मी बांबूच्या शिडीखाली खुर्ची मांडली, म्हाताऱ्याला बसवलं आणि त्याच्या मांडीवर कोंबडीची टोपली दिली. पिल्लं झाली होती. हलला की ती चोच मारणार, म्हणजे हलणार नाही, असा माझा हिशोब. नारळ फोडायला मात्र त्याला वर बोलवावं लागलं. घरधनी तोच. नारळ फोडला, पाणी शिंपडलं, खोबरं वाटायला मी खाली आले. चाचाची माणसं खाली मिक्सरपाशी होती. मागून उशिराने तो उतरला.

त्याच्या सदऱ्याचे खिसे मांड्यांपर्यंत लोंबत होते. एक पायरी उतरला की खिशात खडखड.

"काय हाय खिशात?"

"सुपारी."

मी खिशात हात घातला. वड्या निघाल्या, तारा तोडलेल्या. दुसरा खिसा, मग धोतराचा सोगा. मिक्सर सुरू झाला होता, पहिली घमेली वर निघाली होती. मी चाचाला ओरडून मिक्सर बंद करायला लावला.

"मेल्यावर कोण सांभाळणार तुम्हाला?" मी म्हणाले. 'मी मेल्यावर' म्हणायचं होतं, तेवढा शब्द राहिला.

"मेलेल्याला कोण सांभाळतं?" तो म्हणाला. तेही बराबर होतं.

चाचाच्या माणसांनी पहारीने जाळी उचलली. म्हातारा गुडघ्यांवर बसून एक एक वडी आत सरकवत गेला आणि मी मागे उभी राहिले. जाळी उचलली की तो बोट घालून खाली वाकून बघायचा, खरंच मोकळं आहे का. हे त्याने मला दाखवायचं म्हणून केलं की स्वतःला पटवायचं म्हणून, मला सांगता येणार नाही. सगळ्या बसल्यावर चाचाने पुन्हा माल टाकायला सांगितलं.

प्लेटा काढल्या त्या दिवशी आम्ही तिघं वर बघत उभे राहिलो. खालची बाजू सलग, एकही सळई दिसत नव्हती. फक्त दाराजवळ सळईची तळहाताएवढी एक रेघ होती. चाचाने म्हाताऱ्याकडे बघितलं. म्हाताऱ्याने चंची उघडली. आत पान, चुना, आणि एक वडी.

"आठवण म्हणून ठेवली," तो म्हणाला.

चाचाने तिथला माल सळईभोवती कोरला, सळई घासून स्वच्छ केली, आणि जागा घट्ट मालाने भरून घेतली. ती मोठी नव्हती. त्याने पुन्हा बांबूने ठोकून पाहिलं, आवाज भरीव आला. पोराने नवी खाट आणली आणि दाराजवळ टाकली, वारं येतं म्हणून. म्हाताऱ्याने ती ओढत पलीकडच्या भिंतीला नेली.

पहिलं छत पडलं तेव्हा त्या खोलीत म्हातारा होता आणि कोंबडी होती. दोघंही जगली.