आकृती चारमधला सतरा

मी लखनौत आलो तो बायकोच्या नोकरीमुळे. तिला इथल्या एका संशोधन संस्थेत जागा मिळाली आणि मी पुण्यातली कंपनी सोडून अलीगंजच्या भाड्याच्या घरात जर्मनचं इंग्रजी करत बसलो. घरी ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं. त्याच्या जोरावर दिल्लीच्या एका पेटंट वकिलीणबाईंकडून काम मिळू लागलं. आधी पत्रं, मग जुन्या कागदांचे सारांश, आणि दुसऱ्या वर्षी पहिल्यांदा एक अख्खं पेटंट: वर्णन, दावे (म्हणजे नेमक्या कशावर हक्क सांगितलाय ती वाक्यं), आकृत्या, सगळं.

जर्मनीतल्या एका कारखान्याचं ते यंत्र होतं. मालगाडीवरचा माल आवळून बांधायच्या पट्ट्याचं. दातेरी चाक फिरवलं की पट्टा ताणला जातो आणि चाक मागे फिरू नये म्हणून त्याच्या दातांत काहीतरी अडकून बसतं. भारतात अर्ज दाखल करायची मुदत शुक्रवारी संपत होती आणि ती वाढवून मिळत नाही. मॅडमना भाषांतर अर्जासोबतच जोडायचं होतं, आणि ते मुळाबरहुकूम व पूर्ण आहे अशा निवेदनाखाली माझी सही लागणार होती.

पेटंटमध्ये प्रत्येक भागाला आकडा असतो. चाक १०, त्याचे दात १२, असं. तोच आकडा आकृतीत एका बारीक रेघेच्या टोकाला दिसतो. एका भागाला शेवटपर्यंत एकच शब्द आणि एकच आकडा. शब्द बदलला तर वाचणाऱ्याला वाटतं की भाग दुसरा आहे. आकडे जुळवायची मला मुळातच हौस. त्यामुळे मी आकृत्यांच्या प्रती काढून प्रत्येक आकड्याला एक रंग ठरवला. सतराला हिरवा.

मंगळवारी तिथेच अडलं. पहिल्या तीन आकृत्यांत हिरवा रंग एका छोट्या खटक्यावर पडला. तो खटका चाकाच्या दातांत अडकलेला स्पष्ट दिसत होता आणि मी भाषांतरभर त्याला इंग्रजीत ‘पॉल’, म्हणजे खटकाच, म्हटलं होतं. आकृती चारमध्ये मात्र सतराची रेघ स्प्रिंगच्या वाकवलेल्या टोकाला जाऊन टेकली होती. त्याच स्प्रिंगला २१ हा आकडाही होता. एका तारेला दोन आकडे. आणि खटका त्या आकृतीत कुठेच नव्हता.

मी मॅडमना फोन लावला. म्हटलं, मुळातच चूक दिसतेय, सतराचा एकवीस करू का?

“बिलकुल नहीं,” त्या म्हणाल्या. “गलती है तो गलती ही ट्रांसलेट होगी. ड्रॉइंग को हाथ नहीं लगाना. आप अलग से नोट दीजिए, मैं जर्मनी भेज दूँगी. लेकिन भाईसाहब, पहले पक्का कर लीजिए कि गलती उनकी है.”

शेवटचं वाक्य मला लागलं. नोट चुकीची निघाली तर पुढचं काम येणार नव्हतं, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती.

बुधवारी सकाळी स्कूटर काढून मानक नगरला गेलो. तिथे आमच्या महाराष्ट्र मंडळातले एक काका राहत. रेल्वेच्या संशोधन कार्यालयात त्यांनी जन्म काढला होता, तोही वाघिणींच्या, म्हणजे मालडब्यांच्या, ब्रेकांवर. दातेरी चाकं त्यांना नवी नव्हती. निवृत्तीनंतर मुलाच्या क्वार्टरमध्ये राहत आणि गणपतीच्या वर्गणीवरून सगळ्यांशी भांडत.

मी कागद पसरले आणि सांगू लागलो की वर्णनात असं लिहिलंय, दाव्यात तसं लिहिलंय.

“ते राहू दे,” काका म्हणाले आणि मजकुरावर त्यांनी वर्तमानपत्र ठेवलं. “फक्त चित्र बघ. चार नंबरच्या चित्रात चाक मागे का फिरत नाही?”

“खटका...”

“कुठाय खटका? बोट ठेव.”

ठेवता येईना. स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, “अहो, आल्या आल्या परीक्षा काय घेताय? त्यांना पाणी तरी विचारा.”

“पाणी नंतर. आधी उत्तर. अरे यार, चाक कोण अडवतंय?”

मी निरखून पाहिलं. स्प्रिंगचं वाकवलेलं टोक दातांत शिरलं होतं. “ही तार अडवतेय.”

“मग सतरा म्हणजे काय?”

“जे अडवतं ते.”

“हाँ! अच्छा, आता सांग, तुझ्या जर्मन माणसाने सतराला काय म्हटलंय? खटका म्हटलंय?”

मी वर्तमानपत्र उचललं आणि दाव्यातला मूळ शब्द पाहिला. त्याचा शब्दशः अर्थ ‘अडवणारा भाग’ इतकाच होता. ‘खटका’ हा वेगळा शब्द जर्मनमध्ये आहे आणि तो वर्णनात एकाच ठिकाणी आला होता: पहिल्या प्रकारात अडवणारा भाग १७ खटक्याच्या रूपात आहे. आकृती चार दुसऱ्या प्रकाराची होती; तिथे स्प्रिंग २१चं टोकच सतराचं काम करत होतं. मी पहिली आकृती पाहून तोच शब्द सगळीकडे चालवला होता, दाव्यातसुद्धा.

“म्हणजे खटका त्यांच्या दाव्यात नाही, तुझ्या भाषांतरात आहे,” काका म्हणाले. “आणि तू त्यांना चूक कळवणार होतास! उद्या कुणी हुशार माणूस खटक्याऐवजी नुसती वाकवलेली तार लावून असाच पट्टा विकेल. तुझा दावा घेऊन ते त्याला काय म्हणतील? तो म्हणेल, साहब, मेरे में खटका ही नहीं है.”

आकृती चार काढणाऱ्याने नेमकी ती पळवाट बंद करायला ती आकृती काढली होती आणि मी माझ्या एका शब्दाने ती उघडून ठेवत होतो. मग काकूंनी पोहे आणले आणि काकांनी माझ्या बशीत त्यांच्या वाटणीचे दाणे टाकले. माझी गाडी रुळावर आली असं त्यांना वाटलं असावं.

घरी येऊन सगळं पुन्हा केलं. संगणकाला सरसकट शब्द बदलायला सांगणं धोक्याचं होतं, कारण वर्णनातल्या त्या एका ठिकाणी ‘पॉल’च राहायला हवा होता. म्हणून सतराचा प्रत्येक उल्लेख मुळासमोर ठेवून वाचला. दाव्यात ‘लॉकिंग मेंबर’, म्हणजे अडवणारा भाग, आला. आकृतीला हात लावला नाही. बायकोने संस्थेतून येऊन मूळ कागदातले आकडे मोठ्याने वाचले आणि मी माझ्या कागदावर खुणा केल्या. गुरुवारी दुपारी मी सही केली आणि सगळं दिल्लीला पाठवलं.

मॅडमचा फोन आला. “और वो नोट?”

“नोट की ज़रूरत नहीं है. गलती मेरी थी, उनकी नहीं.”

“अच्छा हुआ आपने पूछ लिया. अगले हफ़्ते एक और भेजती हूँ.”

त्यानंतर त्यांचं काम कधी थांबलं नाही. मुलीचं शिक्षण आणि आमचं इथलं स्वतःचं घर त्यातच झालं. मला जर्मन पुण्यातल्या क्लासच्या बाईंनी शिकवलं. वाचायला शिकवलं काकांनी. अजूनही आधी मजकूर झाकतो, आकृती बघतो आणि स्वतःला विचारतो की हा भाग इथे करतोय काय. मगच त्याचं नाव शोधतो.

बऱ्याच वर्षांनी त्या अर्जाला भारतात पेटंट मिळालं. तोवर काका-काकू नाशिकला लेकीकडे गेले होते. मी मंजूर झालेले दावे आणि आकृत्या छापून त्यांना पोस्टाने पाठवल्या, पहिल्या दाव्यातल्या ‘लॉकिंग मेंबर (१७)’ खाली हिरवी रेघ मारून. आठवड्याने फोन आला. आभार मानायचे म्हणून मी काहीतरी जुळवून ठेवलं होतं, पण त्यांनी बोलूच दिलं नाही.

“चार नंबरचं चित्र फिकं छापलंयस,” काका म्हणाले. “तारेचं टोक दिसत नाही. नीट काढून परत पाठव.”

मी त्याच दिवशी पाठवलं.