दोन आडनावांची मावशी

बायकांच्या वॉर्डात तिला सगळे मावशी म्हणत. डॉक्टर, नर्स, रोगी आणि रोग्यांचे नवरेसुद्धा. बावीस वर्षं ती त्या वॉर्डात चादरी बदलत होती, बेडपॅन देत होती, ऑपरेशनहून आलेल्या बायकांना कुशीवर वळवत होती. कुणाच्या डोक्याला मार लागून रक्त साकळलं, तर पहिले दोन आठवडे कसे जातात हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. म्हणूनच सोमवारी दुपारी परदेशातून मुलीच्या खोलीतल्या मैत्रिणीचा फोन आला, तेव्हा ती रडली नाही. फोन ठेवून भिंतीला पाठ टेकली आणि हळूहळू खाली बसली.

मुलगी तिथं म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात कामाला होती. जिन्यावरून पडली, डोक्यात रक्तस्राव झाला, रात्रीतून ऑपरेशन झालं, आणि शुद्ध नव्हती. तिच्या मालकांनी तिकिटाचं कबूल केलं होतं. हॉस्पिटलचं पत्र दाखवलं की व्हिसा चार-पाच दिवसांत होईल, असंही मैत्रीण म्हणाली. मग तिनं विचारलं, "मावशी, तुमचा पासपोर्ट आहे ना?"

पासपोर्ट कुठला असणार? मावशी आयुष्यात कधी मोठ्या स्टेशनाच्या पलीकडे गेली नव्हती. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. घरात माणूस म्हणजे ती आणि ती मुलगी.

मंगळवारी सकाळी ती पासपोर्ट ऑफिसच्या गल्लीत गेली. गेटवर काचेच्या पेटीत फीचा कागद लावला होता. साधा पासपोर्ट पंधराशे. तत्काळ हवा असेल तर वर दोन हजार. म्हणजे साडेतीन हजार, बाकी काही नाही. तिनं तो दोनदा वाचला. मग गार्डनं सांगितलं की आत जायला अपॉइंटमेंट लागते आणि ती ऑनलाइन काढायची असते, आणि बोट केलं समोरच्या दुकानांकडे.

समोर एका गाळ्यात एक एजंट बसायचा. टेबल, लॅपटॉप, दोन फोन, मागे फोटो काढायला पांढरा पडदा. बोलायला अतिशय मऊ. त्यानं तिची पिशवी घेतली, एकेक कागद बाहेर काढला, निरखून पाहिला, परत ठेवला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर त्याची नजर जरा जास्त थांबली, पण तो काही बोलला नाही.

"चौदा हजार," तो म्हणाला. "आठवड्यात पासपोर्ट हातात. तुम्ही फक्त सह्या करायच्या."

मावशीकडे अठरा हजार होते, आणि परक्या देशात उतरल्यावर खायला-प्यायला लागणार होतं ते त्यातूनच. तरी तिची बोटं पिशवीच्या बंदाकडे गेली होती. अडलेल्या माणसाला भाव कसला. पण बावीस वर्षं हॉस्पिटलात काढलेल्या बाईला एक सवय लागलेली असते. आकडा ऐकला की तो कशाचा ते ती विचारते. साडेतीन सरकारचे, मग वरचे साडेदहा कशाचे, असं तिनं विचारलं.

फॉर्म भरायचा, अपॉइंटमेंट काढायची, पोलिसांचं सांभाळायचं, धावपळ असते, असं तो म्हणाला. तिनं प्रत्येकाचे किती ते विचारलं. तेव्हा तो हसला.

"मावशी, डॉक्टरला विचारता का टाक्याचा भाव?"

"विचारतात," ती म्हणाली. "बिलात लिहिलेला असतो."

त्यानं खांदे उडवले, आणि आज पैसे दिले नाहीत तर आठवड्याचं काही सांगता येणार नाही म्हणाला. ती उठली खरी, पण गल्लीच्या टोकापर्यंत जाताना तिनं दोनदा मागे वळून पाहिलं. तिला वाटत होतं, आपण पैसे वाचवायला लेकीचा जीव पणाला लावतोय.

हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये एक बाई होती, फायलींच्या ढिगाआड बसणारी, फटकळ तोंडाची. मागच्या वर्षी तिनं स्वतःचा पासपोर्ट काढला होता. तिच्यापुढे मावशीनं सगळं ओतलं. रेकॉर्डबाईनं कपाळाला हात लावला. अपॉइंटमेंट सरकारच्याच साइटवर मिळते, एजंटही तेच पान उघडून बसतो, त्याच्यासाठी मागचं दार नसतं, असं तिनं सांगितलं. तत्काळमध्ये पोलिसांची चौकशी बहुतेक वेळा पासपोर्ट हातात आल्यावर होते, मग तो सांभाळणार काय, डोंबल? एजंटनं फॉर्म भरून दिला, दोन फेऱ्या वाचवल्या, तर हजारभर रुपये घ्यावेत, ती मेहनत आहे. पण दिवस विकायला ते काही त्याच्या खिशात नसतात.

मग तिनं दार लावून घेतलं आणि स्वतःच फॉर्म भरला. एकेक अक्षर विचारून. तत्काळच्या वेळा दुपारी ठरावीक वेळी खुल्या होतात आणि बघता बघता संपतात. पहिल्यांदा पान अडकलं. दुसऱ्यांदा पैसे भरताना फोनवर आलेला नंबर टाकायला मावशीला उशीर झाला. तिसऱ्यांदा गुरुवारची वेळ मिळाली. साडेतीन हजारांची पावती छापून रेकॉर्डबाईनं तिच्या हातात दिली. मावशीनं तिचे हात धरले आणि ते सोडायला विसरली.

गुरुवारी ती पावणेनऊच्या वेळेसाठी साडेसातला गेटवर उभी होती. पहिल्या काउंटरवर फोटो आणि बोटांचे ठसे झाले. फिनाइलनं बोटांवरच्या रेषा पुसल्या गेल्या होत्या. चार-चार वेळा दाबावी लागली. दुसऱ्या काउंटरवर तरुण अधिकारी होता. त्यानं कागद चाळले, मग दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव होतं. बाकी सगळीकडे सासरचं. ही एकच बाई आहे हे सांगणारा कागद मध्ये कुठंच नव्हता. लग्नाची नोंद कधी केलीच नव्हती. अधिकाऱ्यानं आवाज चढवला नाही. फाइल थांबवून ठेवतो, नोटरीचं शपथपत्र आणि पतीच्या मृत्यूचा दाखला आणा, मग पुढे जाईल, एवढंच सांगितलं. आज आणलं तर आजच, चारच्या आत. नाहीतर पुन्हा कधी नंबर लागेल ते बघावं लागेल.

तेव्हा सव्वाअकरा झाले होते. त्याच वेळी मैत्रिणीचा मेसेज आला होता: ताप चढलाय, डॉक्टर डोकं पुन्हा उघडायचं म्हणतायत. 'उघडायचं' म्हणजे काय ते मावशीला ठाऊक होतं. तिच्या वॉर्डात ज्यांना दुसऱ्यांदा उघडलं, त्यांतल्या काही तिनं स्वतः पांढऱ्या चादरीत गुंडाळल्या होत्या.

बाहेर आल्यावर तिला दिशाच कळेना. रेकॉर्डबाईचा फोन लागत नव्हता. शपथपत्र कुठं करतात, त्यात काय लिहितात, कागद कसला लागतो, काही माहीत नव्हतं. समोर गाळा होता. ती रस्ता ओलांडून गेली आणि टेबलाला धरून उभी राहिली.

एजंटनं तिच्याकडे पाहिलं आणि विचारलंही नाही. "नाव, ना?"

तिला एकदम समजलं. "तुम्हाला मंगळवारीच दिसलं होतं."

"दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

त्यानं हातातला फोन बाजूला ठेवला. "माझ्याकडे विकायला तेवढंच आहे, मावशी. कागद वाचता येतात. ते फुकट सांगितलं तर मी खाऊ काय?"

मावशीला त्याला शिव्या द्यायच्या होत्या. त्या तिनं गिळल्या. मग ती म्हणाली, "तर मग त्याचेच सांगा. फॉर्मचे नको, पोलिसांचे नको, आठवड्याचे नको. फक्त या एका कागदाचे किती?"

"सहा हजार," तो म्हणाला, सवयीनं.

ती उभीच राहिली. विनवण्या तिनं केल्या नाहीत, करायचं त्राणच नव्हतं. फोनमधला मेसेज उघडून फोन त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो वाचला. शेजारच्या खुर्चीत एक गिऱ्हाईक बसलं होतं, तेही वाचत होतं. एजंटनं फोन उलटा करून परत तिच्याकडे सरकवला.

नोटरी चारशे घेईल, स्टॅम्पपेपर आणि टायपिंग मिळून दोनशे होतील, असं तो म्हणाला. माझे पाचशे. मग खुर्चीवरून उठत त्यानं विचारलं, "नवऱ्याचा दाखला कुठंय?"

दाखला घरी होता. रिक्षानं जाऊन यायला पाऊण तास लागला. कपाटातल्या साड्या तिनं जमिनीवर फेकल्या. दाखला अंथरुणाखालच्या पत्र्याच्या पेटीत निघाला. ती परतली तेव्हा मजकूर टाइप होऊन तयार होता. दोन्ही आडनावं त्यात एका ओळीत होती, आणि खाली लिहिलं होतं की ही दोन्ही नावं माझीच आहेत. दोन गल्ल्या पलीकडे नोटरी जेवायला गेला होता. एजंट त्याच्या दारात तिच्याबरोबर अडीच वाजेपर्यंत उभा राहिला. त्या वेळात त्याचे तीन फोन वाजले आणि त्यानं एकही उचलला नाही. शिक्का पडला तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

साडेतीनला त्याच तरुण अधिकाऱ्यानं कागद घेतला, वाचला आणि फाइल पुढे सरकवली. बाहेर येऊन मावशीनं अकराशे रुपये मोजून दिले. तिच्या मनात त्याच्याविषयी राग होता आणि उपकाराची जाणीवही होती, आणि त्यांतलं कुठलं जास्त हे तिला पुढेही कधी ठरवता आलं नाही.

पासपोर्ट पोस्टानं मंगळवारी आला. व्हिसाला आणखी चार दिवस लागले. त्या दिवसांत ती रोज कामावर जात होती, कारण घरी भिंतींकडे बघवत नव्हतं. दुसरं ऑपरेशन झालं. मुलगी वाचली, पण यंत्रावर होती. वॉर्डात एखादी बाई कण्हली की मावशी तिच्या खाटेशी नको तितका वेळ उभी राहायची. नर्सला तिला हाताला धरून बाजूला न्यावं लागायचं.

फोन आल्याच्या पंधराव्या दिवशी ती तिथं पोचली. भाषा येत नव्हती. मैत्रिणीनं तिला काचेच्या दारापर्यंत नेलं. आत मुलीचं डोकं भादरलेलं होतं, तोंड सुजलेलं, डोळे अर्धे उघडे. पण त्या डोळ्यांत ओळख नव्हती. मावशीनं आधी चादर पाहिली. मग पाठीखाली हात घालून पाहिलं, कुठं कातडी लाल झाली आहे का. तिथली नर्स काहीतरी म्हणत पुढे आली, आणि मावशीचे हात कसे चालतात ते पाहून थांबली.

दोघींनी मिळून मुलीला डाव्या कुशीवर वळवलं.