जाळ्याचा वाटा

बायकोचा थोरला भाऊ हर्णैहून सुरमई घेऊन पुण्यात आमच्या घरी आला, तेव्हाच मला वास आला. सुरमईचा नव्हे. त्याला मासेमारीची बोट घ्यायची होती आणि निम्मे पैसे माझे हवे होते.

त्याने मांडलेला हिशेब वरवर चोख होता. पावसाळ्यातली बंदी सोडून वर्षभराची मासळी, त्यातून डिझेल आणि दर तीन वर्षांनी नवं जाळं वजा, शिवाय दहाव्या वर्षी बोट विकून येणारी रक्कम. पुढे मिळणारा रुपया आजच्या रुपयापेक्षा हलका, म्हणून वर्ष जितकं लांबचं तितकी रक्कम कापून त्याने सगळं आजच्या भावात आणलं होतं. बोटीची किंमत वजा जाता थोडंसं उरत होतं.

"एवढंच?" मी विचारलं.

"भावोजी, मासळीचे वाटे होतात. खलाशांचा वेगळा, बोटीचा वेगळा, जाळ्याचा वेगळा. बोटीचा वाटा आपल्या दोघांचा."

"आणि जाळ्याचा?"

"जाळं ज्याचं, त्याचा. म्हणजे माझा. आमच्याकडे रिवाजच आहे."

"अहो, मग तुमचं ते जाळं दर तीन वर्षांनी दोघांच्या हिशेबातून, म्हणजे निम्मं माझ्या पैशातून का येतंय?"

तो भडकला. "बहिणीच्या घरात माझ्यावर संशय?"

बायको स्वयंपाकघरातून आली. सुरमई तिने पुन्हा त्याच्या पिशवीत घातली.

"दादा, ही घेऊन जा. जाळं तुझं आहे ना!"